शून्य रुपयांची सीआर

पुण्यात बसून साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी बरीच वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर आहे. आमची बहुतेक कामं फिक्स्ड प्राइस असतात. किंमत आधी ठरते, तारीख आधी ठरते, आणि काम मात्र होता होता ठरत जातं. सहकारी कारखान्याला असाच व्यवहार सोयीचा पडतो, कारण संचालक मंडळासमोर एक आकडा ठेवायचा असतो. आकडा एकदा मंजूर झाला की त्यात काय काय बसतं, याबद्दल कारखान्यातल्या प्रत्येकाचं स्वतःचं मत असतं.

चेंज रिक्वेस्ट, म्हणजे आमच्या बोलीत सीआर, ही पद्धत मी अनेक कामांत वापरली. ती खरी बसली ती दक्षिण महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या कामात, आणि तीही काम अर्ध्यावर आल्यावर. म्हणून त्याच कामाबद्दल लिहिते. कारखान्याचं नाव सांगण्याची गरज नाही.

काम होतं ऊस नोंदीपासून ऊस बिलापर्यंतचं. लागणीची नोंद, तोडणीचा प्रोग्राम, काट्यावरचं वजन, तोडणी-वाहतुकीचा हिशेब आणि पंधरवड्याचं बिल. किंमत १८ लाख रुपये, जीएसटी वेगळा. आमच्या हिशेबानं ३०० मॅन-डे, म्हणजे एका माणसाचे ३०० दिवस. दर दिवसाला ६,००० रुपये धरलेला, त्यातला आमचा खर्च ४,५०० आणि राहिलेले १,५०० आमचा नफा. एकूण नफा साडेचार लाखांचा. टीम अडीच माणसांची होती: दोन पूर्णवेळ डेव्हलपर आणि अर्धा वेळ टेस्टर. एप्रिलच्या मध्याला सुरुवात, ऑक्टोबरच्या मध्याला सगळं चालू. गाळप हंगाम कुणासाठी थांबत नाही, त्यामुळं ती तारीख हलणार नव्हती.

जूनच्या शेवटी वेळापत्रक मागं पडलेलं दिसत होतं आणि कारण मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. डेव्हलपर दोघंही कामसू, कुणी रजेवर नाही, कारखान्यानं कुठलीही मोठी मागणी केलेली नाही. आमच्याकडं एक शिस्त आधीपासून होती: कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल साठवताना त्याच्या टिपेत त्या मागणीचा क्रमांक लिहायचा. मी एका दुपारी बसून क्रमांक नसलेल्या टिपा वेगळ्या काढल्या. ‘शेतकी ऑफिसनं सांगितल्याप्रमाणे’, ‘अकाउंट्सचा फोन’, ‘काट्यावरच्या साहेबांचा बदल’, अशा त्या टिपा होत्या. काटा पावतीवर मुकादमाचं नाव हवं. टायरगाडी आणि बैलगाडी वेगळी दाखवा. खोडव्याच्या क्षेत्राचा गटवार गोषवारा द्या. पावतीची अक्षरं मोठी करा, चाळिशीतल्या माणसाला दिसत नाहीत. एकेक काम काही तासांचं, फार तर दोन-तीन दिवसांचं. टाइमशीटला लावून बेरीज केली तेव्हा त्या अडीच महिन्यांत वापरलेल्या सव्वाशे मॅन-डेपैकी ३४ या बिनक्रमांकाच्या कामांत गेले होते. ३४ गुणिले ४,५००, म्हणजे १ लाख ५३ हजार. नफ्याचा तिसरा हिस्सा पावतीच्या अक्षरांमध्ये आणि गोषवाऱ्यांमध्ये मुरला होता. दुसरी खूण तर मेन्यूतच दिसत होती. किंमत ठरवताना आम्ही १४ रिपोर्ट धरले होते आणि आमच्या स्क्रीनवर १९ झाले होते.

या मागण्यांपैकी एकही मूर्खपणाची नव्हती, हे आधी सांगायला हवं. मुकादमाचं नाव पावतीवर असलंच पाहिजे, नाहीतर गाडी अड्ड्यावर उभी राहिल्यावर कुणाला बोलवायचं? माणसं स्वतःचं काम आठवत आठवत सांगत होती, आणि स्क्रीन समोर आल्याशिवाय कुणालाच सगळं आठवत नाही. त्यामुळं मागण्या बंद करणं हा उपाय नव्हता. मागणी आल्यावर तिच्यावर कुणीतरी निर्णय घेतोय, एवढं व्हायला हवं होतं. तोवर निर्णय घेत होता आमचा चोवीस वर्षांचा डेव्हलपर, फोनवर, ‘हो सर, करतो’ म्हणत. तो त्याच तालुक्यातला. चीफ अकाउंटंट त्याच्या वडिलांच्या ओळखीचे. तो नाही कसा म्हणणार?

सीआरचा फॉर्म छापून द्यावा आणि मोकळं व्हावं, असा आमच्या डायरेक्टरांचा सल्ला होता. पण फॉर्मला टेकायला काहीतरी लागतं. एखादी गोष्ट ‘बदल’ आहे म्हणायचं तर मूळ काय होतं हे दोघांना मान्य असायला हवं. आमच्या कराराच्या परिशिष्टात लिहिलं होतं: ‘ऊस बिल मॉड्यूल, सर्व आवश्यक रिपोर्टसह’. त्यातल्या ‘सर्व आवश्यक’ या दोन शब्दांवर चीफ अकाउंटंट आयुष्यभर रिपोर्ट मागू शकले असते, आणि कायद्यानंही त्यांचंच बरोबर ठरलं असतं.

म्हणून आधी बेसलाइन लिहायला बसलो. जुलैचा पहिला आठवडा त्यात गेला. रिपोर्टची नावं लिहून भागत नाही, हे मला आधीच्या कामांवरून माहीत होतं. प्रत्येक रिपोर्टला मागच्या हंगामातला छापील कागद जोडला आणि त्यावर लाल पेनानं खुणा केल्या: हा रकाना राहणार, हा जाणार, हा नवा. बिलातल्या प्रत्येक कपातीचं सूत्र एका ओळीत लिहिलं: सोसायटीचं कर्ज, शेअर्सची रक्कम, खताची उधारी, आणि कुठली आधी वळती करायची तो क्रम. मग शेवटचं पान: या कामात काय नाही. मोबाइल अ‍ॅप नाही. काट्याचं वजन फक्त सध्याच्या दोन काट्यांच्या इंडिकेटरवरून घेतलं जाईल, नवा काटा बसवला तर ते काम वेगळं. जुना डेटा मागच्या दोनच हंगामांचा आणला जाईल. मला विचाराल तर त्या शेवटच्या पानानं बाकीच्या सगळ्या पानांपेक्षा जास्त भांडणं वाचवली. त्याच पानावर सही घेताना समोरचा माणूस पहिल्यांदा थांबून विचार करतो.

पण काम अर्धं झाल्यावर कारखान्यानं अशा कागदावर सही का करावी? त्यांच्या दृष्टीनं आम्ही मोकळं रान कुंपण घालून बंद करत होतो. इथं ती ३४ दिवसांची यादी कामाला आली. मी ती स्वच्छ लिहून काढली. २२ बदल, प्रत्येकापुढं कुणी मागितला, कधी केला, किती दिवस लागले आणि किंमत. किमतीच्या रकान्यात बावीस वेळा शून्य. त्या आमच्या चेंज लॉगमधल्या पहिल्या बावीस नोंदी ठरल्या. कार्यकारी संचालकांसमोर ती ठेवली आणि म्हटलं, साहेब, हे सगळं झालंय आणि याचे पैसे आम्ही मागणार नाही. बेसलाइनवर सही झाली की तेविसाव्या बदलापासून हिशेब धरू.

त्यांनी यादी संथपणे वाचली. मग त्यांच्या ईडीपी मॅनेजरना हाक मारली आणि विचारलं, “हे पावतीच्या फॉन्टला दोन दिवस? कुणी सांगितलं होतं हे?” ते माझ्याशी भांडले असते तरी मला चाललं असतं. ते स्वतःच्या माणसांना प्रश्न विचारू लागले, ते जास्त बरं झालं. फुकट केलेल्या कामाची नोंद नसेल तर ते काम झालंच नाही असं धरलं जातं, आणि पुढचं काम फुकट का नाही याचं उत्तर आपल्याजवळ राहत नाही. तेव्हापासून आमच्याकडं शून्य रुपयांचीही सीआर निघते, नंबर पडतो, सही होते. आमच्या सेल्सच्या लोकांना हा नसता उद्योग वाटायचा. फुकटच द्यायचंय तर कागद कशाला, असं ते म्हणायचे. फुकट द्यायचंय म्हणूनच कागद हवा.

बेसलाइनवर सही झाली आणि तीन दिवसांत पैशांचा पेच समोर आला. सीआर लिहिली, अंदाज दिला, १८ हजार रुपये. कार्यकारी संचालक म्हणाले, मला मान्य आहे, पण वर्क ऑर्डरच्या बाहेरचा खर्च म्हणजे संचालक मंडळाचा ठराव लागणार. मंडळाची बैठक महिन्यातून एकदा. म्हणजे १८ हजारांच्या बदलाला आणि दोन लाखांच्या बदलाला सारखाच वेळ, आणि तेवढ्यात जुलै संपणार. सीआरबद्दलच्या पुस्तकी माहितीत चेंज कंट्रोल बोर्ड वगैरे भरपूर असतं. पण समोरच्या संस्थेत छोट्या रकमेवर सही करण्याचा अधिकार नेमका कुणाला आहे, आणि त्या माणसाला खर्च करायला पैसे कुठल्या खात्यात आहेत, हे आधी विचारायचं असतं. त्याचं उत्तर नसेल तर सगळे बदल पुन्हा फोनवरच येतात, कारण फोनला ठराव लागत नाही.

आम्ही मंडळापुढं एकच विषय नेला. मूळ किमतीच्या दहा टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये, ‘बदलांसाठी राखीव’ म्हणून वर्क ऑर्डरला जोडायचे. दर तोच, मॅन-डेला ६,०००. म्हणजे ३० मॅन-डे. यातून खर्च करण्याचा अधिकार एकट्या कार्यकारी संचालकांना, प्रत्येक सीआरवर त्यांची सही. जे वापरलं जाणार नाही त्याचं बिल होणार नाही. मंडळात एका संचालकांनी विचारलं म्हणे, की आधीच अठरा दिलेत ना? पण ‘न वापरल्यास बिल नाही’ या ओळीवर विषय मंजूर झाला.

माझ्या मते सगळी पद्धत त्या ठरावावर उभी राहिली. तोवर बदल म्हणजे आमच्या खिशातला खर्च होता, त्यामुळं मागताना कुणाला काही वाटत नव्हतं. आता तो कारखान्याच्या मोजक्या ३० दिवसांतला खर्च झाला. ऑगस्टमध्ये एकदा मी ईडीपीच्या खोलीत बसले असताना शेतकी ऑफिसमधले एक साहेब आले, त्यांना जातवार उसाचा नवा रिपोर्ट हवा होता. को ८६०३२ किती आणि बाकीच्या जाती किती, गटवार. मी तोंड उघडायच्या आत ईडीपी मॅनेजर म्हणाले, “साहेब, दोन दिवस जातील त्यात. एकवीसच राहिलेत. काट्याचं काही निघालं तर मग काय करायचं? नोंदीची यादी एक्सेलमध्ये काढून देतो, तुमचा क्लार्क मोजील.” मी नाही म्हणाले असते तर तो भांडणाचा विषय झाला असता. त्यांच्याच माणसानं म्हटलं, तेव्हा त्याला काटकसर म्हणाले.

फॉर्म अर्ध्या पानाचा ठेवला. मागणाऱ्यानं लिहायचं ते एवढंच: आज काय होतं, त्याऐवजी काय व्हायला हवं, कधीपर्यंत, आणि हे नाही केलं तर काय अडेल. हा शेवटचा रकाना भरताना बरेच जण फॉर्म परत घेऊन जायचे. खालच्या भागात आमचं लिखाण: कुठल्या भागांना हात लागेल, किती दिवस, किती रुपये, तारखेवर परिणाम, आणि स्वस्तातला दुसरा मार्ग असेल तर तो. अंदाज पंधरा दिवस ग्राह्य. त्यानंतर पुन्हा मोजणार, कारण पंधरा दिवसांत खालचा कोड बदललेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज मागणी म्हणून चालेल, पण मंजुरी म्हणून चालणार नाही, हेही ठरलं. कारखान्यातल्या माणसांना फॉर्म भरायला लावण्यापेक्षा मेसेजवरून आम्हीच वरचा भाग भरून सहीला पाठवणं सोपं पडलं. डेव्हलपरला एकच वाक्य पाठ करून दिलं: “हो काका, लिहून घेतो, किती लागेल ते मॅडम सांगतील.” त्याला नाही म्हणावं लागत नव्हतं, म्हणून त्यानं ते पाळलं.

आता ज्या बदलातून ही पद्धत मला नीट कळली, तो बदल सांगते. सीआर क्रमांक २९. चीफ अकाउंटंटचा फोन आला. “मॅडम, एवढं काय हाय त्यात? बिलात एक कॉलम तर वाढवायचाय.” ऊस नोंद वडिलांच्या नावावर, सभासद क्रमांक त्यांचा, बँक खातं त्यांचं. पण घरात तीन भाऊ, आणि पैसे तिघांच्या खात्यावर वाटून हवेत. अशी कुटुंबं गावोगावी असतात आणि मागणी रास्त होती.

आम्ही खालचा भाग भरायला घेतला आणि कॉलमऐवजी प्रश्न निघू लागले. सोसायटीचं कर्ज वडिलांच्या नावावर आहे, ते वाटणीच्या आधी कापायचं की प्रत्येकाच्या हिश्शातून? एका भावाची स्वतःची खताची उधारी असेल तर? पहिला हप्ता एका प्रमाणात वाटला आणि दुसऱ्या हप्त्याच्या आधी भावांचं बिनसलं, तर जुना हिशेब कुणाच्या नावावर दाखवायचा? एका खात्याचे पैसे बँकेनं परत पाठवले तर ते कुणाच्या नावे जमा? हे प्रश्न लिहून पाठवले. उत्तर यायला बरेच दिवस लागले, कारण कारखान्यात त्याचा नियमच नव्हता. आजवर क्लार्क माणूस बघून निर्णय घेत होता. कोडला माणूस बघता येत नाही. अनेक सीआरचं असंच असतं, मागणी सॉफ्टवेअरची दिसते आणि न ठरलेली गोष्ट ऑफिसातली असते.

शेवटी दोन मार्ग लिहून दिले. पहिला मार्ग पूर्ण वाटणीचा: खतावणीतच तिघांची नावं, तिघांच्या कपाती, तिघांचे उतारे. रचना २ दिवस, कोड साडेचार, जुन्या नोंदी बदलणं दीड, रिपोर्ट १, चाचणी ३. एकूण १२ मॅन-डे, ७२ हजार रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२,९६०, म्हणजे ८४,९६०. दुसरा मार्ग: हिशेब सगळा वडिलांच्याच नावावर, सगळ्या कपाती झाल्यावर जी रक्कम उरेल ती बँकेला जाणाऱ्या फाइलमध्ये ठरलेल्या टक्क्यांनी तीन खात्यांवर. टक्के हंगामाच्या सुरुवातीला वडिलांच्या सहीनं ठरणार आणि हंगाम संपेपर्यंत बदलणार नाहीत. ४ मॅन-डे, २४ हजार, जीएसटीसह २८,३२०. शिल्लक तेव्हा २१ दिवसांची होती. पहिला मार्ग घेतला असता तर ९ उरले असते, दुसऱ्यानं १७ उरणार होते.

कार्यकारी संचालकांनी दुसऱ्यावर सही केली आणि पहिल्यापुढं लिहिलं, ‘पुढील हंगामात विचार’. ‘विचार’ हा शेरा सरकारी वाटतो, पण लॉगमध्ये त्याला जागा असते: मंजूर, नामंजूर, पुढं ढकललं, मागणी परत. मागणी हवेत राहत नाही, म्हणून तीच मागणी तिसऱ्या माणसाच्या तोंडून पुन्हा येत नाही.

प्रत्यक्षात चारऐवजी साडेपाच दिवस लागले. तीन भावांना ३३.३३ टक्के दिले की बेरीज ९९.९९ होते आणि बँकेच्या फाइलची एकूण रक्कम बिलाशी जुळत नाही. शेवटच्या खात्याला उरलेली सगळी रक्कम द्यायची असा नियम केला आणि जुन्या चाचण्या पुन्हा चालवल्या. ते दीड दिवस आमचे. प्रत्येक सीआर हीसुद्धा एक छोटी फिक्स्ड प्राइसच असते, मूळ कामात जो धोका आम्ही घेतला तोच इथं पुन्हा घ्यायचा.

सगळे वाद एवढे सरळ नव्हते. सर्वांत अवघड प्रश्न ‘चूक की बदल’ हा असतो, आणि त्याहून अवघड म्हणजे दोन्ही नसलेलं काहीतरी. मोळीच्या बांधणीची वजावट ठरावीक टक्क्यांनी करायची, असं बेसलाइनमध्ये होतं. ती प्रत्येक खेपेला किलोपर्यंत पूर्णांकात आणायची की पंधरवड्याच्या बेरजेवर, हे कुठंच नव्हतं. आमच्या डेव्हलपरनं बेरजेवर केलं. फरक किलो-दोन किलोंचा. पण शेतकऱ्याच्या हातातल्या काटा पावत्यांची बेरीज आणि बिल जुळलं नाही, तर गटऑफिसात किलोचा प्रश्न राहत नाही, काटा मारल्याचा आरोप होतो. कारखाना म्हणे ही चूक, आमचा डेव्हलपर म्हणे लिहिलंच नव्हतं, म्हणजे बदल. तेव्हा आम्ही नियम केला. मूळ कागद गप्प असेल आणि आम्ही न विचारता काही धरून चाललो असू, तर दुरुस्ती आमच्या खर्चानं. वाक्य आणि जोडलेला नमुना यांत विसंगती असेल तर नमुना खरा. मागच्या हंगामाच्या नमुना पावतीवर खेपेचंच निव्वळ वजन पूर्णांकात छापलेलं होतं. शून्य रुपयांची सीआर निघाली.

या नियमाचा एक उलटा परिणाम मला सप्टेंबरमध्ये दिसला. आमचीच मुलं कुठलीही तक्रार आली की आधी ती ‘बदल’ म्हणून नोंदवू लागली, कारण बदलाला पैसे मिळतात आणि चुकीला शिव्या. चाचणीच्या काळात, म्हणजे कारखान्याची माणसं स्वतः बसून तपासतात तेव्हा, बदलांची संख्या एकदम फुगली तर ती शंका घ्यायची खूण आहे. त्यानंतर चूक की बदल हे डेव्हलपरनं ठरवायचं नाही, असं केलं. मी आणि ईडीपी मॅनेजर दोघं मिळून दोन दिवसांत ठरवू, आणि दोघांचं जुळलं नाही तर काम आधी, पैशांचा निकाल मागाहून.

तारखेचा हिशेबही वेगळा ठेवावा लागला. प्रत्येक सीआरवर ‘तारखेवर परिणाम नाही’ लिहिता येतं, कारण एका दिवसानं काही होत नाही. पण अडीच माणसांच्या टीमला २० मॅन-डेचे बदल म्हणजे आठ कामाचे दिवस. म्हणून लॉगच्या तळाशी एक ओळ चालती ठेवली: आतापर्यंतचे मंजूर दिवस भागिले अडीच. ती ओळ दर सोमवारी कार्यकारी संचालकांना जायची. ऑक्टोबरची तारीख हलणार नव्हती, तेव्हा दिवस वाढले की काहीतरी हंगामानंतर ढकलावं लागे. बदल मंजूर करणाऱ्यानंच काय ढकलायचं तेही लिहायचं, ही अट घातल्यावर दोन सीआर परत गेल्या. वाहतूक ठेकेदारांच्या कमिशनचे दोन रिपोर्ट जानेवारीवर गेले, तेही कार्यकारी संचालकांच्याच सहीनं.

बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या दिवसापासून कोड गोठवला. त्यानंतर तीनच गोष्टींना हात लावायचा: वजन चुकत असेल, बिल चुकत असेल, किंवा सरकारी नियम बदलला असेल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. चालू हंगामात बिलाच्या कोडमध्ये केलेला निरागस बदल बिल अडवू शकतो, आणि मग आमच्या मॅन-डेच्या दराला काही अर्थ उरत नाही. या तीन गोष्टींसाठी फोनवरून काम सुरू करायची मुभा होती, फक्त ४८ तासांत सीआरवर सही यायला हवी. सरकारी नियमातला बदल कुणाच्या खर्चानं, हा प्रश्न मी तेव्हापासून करारातच सोडवते. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा अनेक ठिकाणी यावरून वाजलं होतं. आता लिहिलेलं असतं: नुसता दर बदलला तर आमच्या खर्चानं, हिशेबाची रीत बदलली तर सीआर.

या पद्धतीनं काय बिघडलं तेही सांगते. चीफ अकाउंटंटनी फोन करणं सोडलं. आधी ते अर्धा तास बोलायचे, त्यात दहा गोष्टी कळायच्या, त्यातल्या दोन आमच्या फार उपयोगाच्या असायच्या. फॉर्म आल्यावर ते फक्त लिहून पाठवू लागले, तेही ईडीपीमार्फत. जातवार रिपोर्ट अजून तो क्लार्क एक्सेलमध्येच मोजतो, दर महिन्याला दोन दिवस घालवून. तिथं सीआर व्हायला हवी होती, असं माझं मत आहे. पण राखीव दिवस मोजकेच असले की माणसं गरजेच्या गोष्टीही गिळतात. म्हणून आता मी महिन्यातून एकदा फॉर्म न घेता कारखान्यात जाऊन बसते आणि फक्त ऐकते.

आणि आमच्या बाजूचा मोह. सीआर वसूल होतात हे कळल्यावर सेल्सनं पुढच्या टेंडरला सुचवलं: किंमत कमी भरू, बेसलाइन आखूड लिहू, बाकी सीआरवर काढू. या धंद्यात असं चालतं, आणि घेणाऱ्यालाही ते माहीत असतं. माझा विरोध नीतीपेक्षा हिशेबाचा होता. दहा टक्क्यांच्या आतल्या सीआरवर कार्यकारी संचालक सही करतात. पंचवीस टक्क्यांची सीआर मंडळात जाते, आणि मंडळात गेलेला विषय वर्तमानपत्रात जायला वेळ लागत नाही. आमच्या कामात राखीव ३० पैकी २६ दिवस वापरले गेले, बिल तेवढ्याचंच झालं. ते ३४ दिवस परत मिळाले नाहीत आणि मिळणारही नव्हते, पण बाकीचा नफा जागेवर राहिला.

पुढच्या हंगामाच्या देखभालीच्या वर्क ऑर्डरमध्ये ईडीपी मॅनेजरनी स्वतःहून सीआरचं कलम घातलं, आमच्याच फॉर्मसकट. त्यात एक ओळ त्यांची होती: अंदाजापेक्षा जास्त दिवस लागले तर फरक पुरवठादाराचा, कमी लागले तर बिल प्रत्यक्ष दिवसांचं. सीआर २९ चे साडेपाच दिवस त्यांनी लॉगमध्ये पाहिले होते. आमच्या डायरेक्टरांना ते एकतर्फी वाटलं, आणि एकतर्फी होतंच. मी पहिला अर्धा भाग मान्य केला, त्याच्या बदल्यात अंदाज ग्राह्य राहण्याची मुदत पंधरावरून दहा दिवसांवर आणली आणि मोठ्या बदलाचा अंदाज काढायला लागणारा वेळही राखीव दिवसांतून धरायचा, हे लिहून घेतलं. कमी लागल्यास कमी बिल, यावर आमची घासाघीस अजून चालू आहे.